मार्चअखेर हातात राहिलेले दोन लाख: इसार, शेळ्या की बँक?

प्रश्न: नमस्कार. औसा तालुक्यात (जि. लातूर) आमची ६ एकर शेती आहे, एक विहीर. सोयाबीन, त्यात थोडी तूर, आणि ३ एकरांवर हरभरा. पैसा ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतो आणि जूनमध्ये पुन्हा दुकानाच्या उधारीवर पेरणी होते. यंदा सगळा माल विकून, सोसायटीचं कर्ज भरून मार्चअखेर दोनेक लाख हातात राहतील. वडील म्हणतात शेजारचा एकर घेऊ, इसार देऊन टाकू. मला वाटतं काहीतरी जोडधंदा करावा आणि थोडे पैसे शेताबाहेर ठेवावेत. घरात पाच माणसं, महिन्याला १४ हजार लागतात. काय करावं?

उत्तर:

दादा, आधी एक गोष्ट सांगतो, ती थोडी कडू लागेल. तुमच्या हातात राहणारे दोन लाख ही शिल्लक नाही. त्यातले बरेचसे पैसे पुढच्या सात महिन्यांनी आधीच खाल्लेले आहेत, फक्त ते अजून दिसत नाहीत.

हिशेब मांडू. एप्रिलपासून सोयाबीनचा पैसा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, सात महिने घर चालवायचं. १४ हजारांनी ते होतात ९८,०००. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, पावसाआधीची घराची डागडुजी यांना २० हजार धरा. नवीन पीककर्ज हातात पडायला उशीर झाला तर बियाणं आणि खत रोखीनं घेता यावं म्हणून ३० हजार. बेरीज १,४८,०००. म्हणजे खरी शिल्लक उरते ५२ हजारांच्या आसपास. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२ हजार येतात, पण हप्ता कधी पडेल यावर घर चालवू नका. आले तर वरचे.

तुमची रक्कम वेगळी असेल, खर्च वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा. ही मांडणी न करता इसार दिला, तर जूनमध्ये दुकानाची उधारी होणार आणि ऑक्टोबरमध्ये तोच दुकानदार किंवा त्याचा आडत्या म्हणेल त्या भावाला ओलं सोयाबीन घालावं लागणार. तुमचा खरा प्रश्न जोडधंद्याचा नंतर आणि या ऑक्टोबरच्या सक्तीच्या विक्रीचा आधी आहे, असं मला वाटतं. म्हणून त्याच क्रमानं लिहितो.

उधारी आणि पीककर्ज

दुकानदार उधारीवर व्याज लावत नाही, असं सगळेच म्हणतात. तो भावात लावतो. रोखीनं आणि उधारीनं खताच्या पोत्याचा भाव वेगवेगळा विचारून बघा. ४० हजारांच्या मालावर चार हजार जास्त गेले आणि पैसे पाच महिन्यांनी दिले, तर वर्षाच्या हिशेबानं ते २४ टक्के व्याज झालं. शिवाय माल त्याच्याच ओळखीच्या आडतीवर घालायची अट असते, तिचं नुकसान वेगळंच.

याउलट पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांचं आहे. वेळेवर भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते आणि उरलेलं व्याज डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून राज्य भरतं, म्हणजे ते बिनव्याजी पडतं. याहून स्वस्त पैसा तुम्हाला कुठेच मिळणार नाही. पण तारीख एका दिवसानं चुकली की सवलत जाते आणि व्याज पुरतं लागतं. म्हणून बँकेकडून किंवा सोसायटीच्या सचिवाकडून परतफेडीची नेमकी तारीख लिहून घ्या आणि तिच्या दोन आठवडे आधी भरा. शेवटच्या आठवड्यात खासगी सावकाराकडून शेकडा तीननं पैसे उचलून नवं-जुनं करणारी घरं भरपूर आहेत. बिनव्याजी कर्ज ती स्वतःच महाग करून घेतात.

आता जे फार कमी जण करतात ते. पीककर्जाची सगळी रक्कम जून-जुलैमध्ये संपवू नका. ऑक्टोबरमध्ये माल विकायच्या आधीच काढणी आणि मळणीचे पैसे रोख द्यावे लागतात. तुमच्या ६ एकरांची काढणी ५ हजारांनी धरली तर ३० हजार, आणि ४२ क्विंटलची मळणी अडीचशेनं साडेदहा हजार. हे ४० हजार हातात नसतात म्हणूनच सोयाबीन मळणी यंत्राखालून थेट अडतीवर जातं. किसान क्रेडिट कार्डाचं खातं असेल तर तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा, ऑक्टोबरमध्ये उचला. सोसायटी एकरकमी कर्ज देत असेल तर तेवढे पैसे चार महिन्यांच्या मुदत ठेवीत टाका.

जूनचा खर्च कमी करायची एक सोपी जागा बियाण्यात आहे. सोयाबीन स्वपरागी पीक असल्यानं घरचं सरळ वाणाचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. मळताना यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, पोत्यांची थप्पी उंच लावायची नाही, पोती आदळायची नाहीत, कारण सोयाबीनचं साल पातळ असतं आणि आतला कोंब दुखावतो. मे महिन्यात ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा. ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या मापानं पेरा, साठ-पासष्ट उगवले तर माप थोडं वाढवा, त्याहून कमी असेल तर विकतचं घ्या.

ऑक्टोबरची विक्री मोडून काढणं

सगळा माल धरून ठेवा, असं मी सांगत नाही. २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं आणि त्यानंतर तो भाव परत येईल म्हणून अनेकांनी वर्ष-दोन वर्षं पोती घरात ठेवली. भाव उतरत गेला आणि पुढे चार-साडेचार हजारांवर आला. भाव वाढेलच असं गृहीत धरून साठवण करायची नसते. गरजेपुरतं विकून बाकीच्याला वेळ मिळवायचा असतो.

तुमचं ४२ क्विंटल सोयाबीन धरू. वाळवून १० ते १२ टक्के ओलाव्यावर आणल्यावर त्यातलं १८ क्विंटल विका. हिशेबासाठी ४,५०० भाव धरला तर ८१ हजार येतात. त्यात दिवाळी, हरभऱ्याची पेरणी आणि दोन महिन्यांचं घर निघतं. उरलेलं २४ क्विंटल बाजार समितीच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत ठेवा. ही योजना पणन मंडळाची आहे, १९९०-९१ पासून चालू आहे, आणि फक्त शेतकऱ्याचा माल घेते, व्यापाऱ्याचा नाही. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळतं. किंमत धरताना बाजारभाव आणि हमीभाव यांतला कमी धरतात.

२४ क्विंटलची किंमत १,०८,००० झाली, तर कर्ज ८१ हजार आणि चार महिन्यांचं व्याज १,६२०. क्विंटलला ते ६८ रुपये पडतात. त्यात गाडीभाडं, हमाली आणि साठवणुकीत दोनेक टक्के वजनाची घट धरा. म्हणजे क्विंटलला दोनशे रुपयांच्या वर भाव चढला तरच तुम्ही फायद्यात. न चढल्यास चार महिने संपले की विकून मोकळे व्हा. सहा महिने उलटले की व्याजाचा दर चढतो आणि नवीन हंगामाच्या बातम्या भावावर यायला लागतात.

घट कशी लागते ते नीट समजून घ्या, कारण इथे लोक फसतात. १४ टक्के ओलाव्याचं सोयाबीन गोदामात ठेवलं आणि ते १० टक्क्यांवर आलं, तर १०० किलोचे साडेपंचाण्णवच उरतात, आणि कोपऱ्यातल्या पोत्यात बुरशी लागली तर प्रत गेली ती वेगळीच. म्हणून वाळवणं अंगणातच पूर्ण करा. दाणा दाताखाली कट् करून फुटला पाहिजे, दबता कामा नये. ई-पीक पाहणी वेळेत नोंदवा. हमीभावाच्या खरेदीची नोंदणी असो की तारण, सातबाऱ्यावर पीक दिसलं पाहिजे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता. बाजार त्याच्या खाली असेल आणि जवळ खरेदी केंद्र चालू असेल, तर तारणापेक्षा तिकडचा रस्ता आधी बघा, मात्र पैसे यायला वेळ लागतो हे धरून.

घराला पगार

मार्चमध्ये बाजूला काढलेले ९८ हजार बचत खात्यात ठेवले तर ते सातऐवजी चार महिन्यांत संपतात, हे जवळपास ठरलेलं. एप्रिल आणि मेचे २८ हजार खात्यात राहू द्या. बाकीच्या पाच महिन्यांसाठी १४-१४ हजारांच्या पाच मुदत ठेवी करा, प्रत्येकीची मुदत त्या-त्या महिन्याच्या पाच तारखेला संपेल अशी. व्याज फार मिळणार नाही. पण लग्नसराईत कुणी हात उसना मागितला तर ‘पैसे अडकलेत’ हे खरं सांगता येतं. ठेवी घरातल्या बाईमाणसाच्या नावावर करा आणि शक्यतो ज्या बँकेचं कर्ज आहे त्या बँकेत करू नका. थकबाकी झाली की त्या बँकेत खात्याला होल्ड लागायची भीती असते.

जोडधंदा: पैसा कोणत्या महिन्यात येतो ते बघा

जोडधंदा निवडताना नफा किती, हे सगळे विचारतात. तुमच्या घरासाठी त्याआधीचे तीन प्रश्न महत्त्वाचे: पैसा जून ते सप्टेंबरच्या पोकळीत येतो का, एप्रिल-मेमध्ये पाणी लागतं का, आणि रोज काम कोण करणार.

दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, त्यामुळे गाय मोहात पाडते. पण एका संकरित गायीला रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा आणि उन्हाळ्यात ऐंशीएक लिटर पाणी लागतं. तुमची विहीर मेअखेरपर्यंत पाणी देत असेल आणि अर्धा एकर नेपियर गवत जगत असेल, तर दोन गायी घ्या, वेताचं अंतर पाच-सहा महिन्यांचं ठेवा, म्हणजे एक आटली तरी दुसरी दूध देईल. विहीर एप्रिलमध्ये तळ गाठत असेल तर विचार सोडा. विकतच्या चाऱ्यावर गाय उन्हाळ्यात आधीची सगळी कमाई खाऊन टाकते. औशाकडच्या बहुतेक विहिरींची स्थिती ही दुसरीच असते, म्हणून मी शेळीकडे झुकतो.

तुमच्याकडे उस्मानाबादी शेळी घरची आहे, या हवेला मुरलेली, जुळं देणारी. सोयाबीनची गुळी, हरभऱ्याचं आणि तुरीचं भुसकट तुमच्याच रानातलं. यंदा दोनच शेळ्या घ्या, दहा-अकरा हजारांनी, एका वेताच्या आणि शक्यतो गाभण. बाजारातून घेऊ नका, गावातल्या कळपातून घ्या, जिथे आईचं वेत आणि करडं डोळ्यांनी दिसतात. बाजारातली शेळी विकायला का आली, ते तुम्हाला कुणी सांगत नाही. बोकड पाळू नका, गावातला लावा. पुढे कळप वाढला तर मात्र त्याच रक्ताचा बोकड पुन्हा लावायचा नाही.

दोन वर्षांत शेळी साधारण तीन वेळा विते. दोघींची मिळून नऊ-दहा करडं होतात, दोन मरतील असं धरा. सात-आठ उरली, त्यातल्या पाटी ठेवायच्या आणि बोकड विकायचे. साडेसहा हजारांनी चार बोकड गेले तर २६ हजार, म्हणजे मुद्दल वसूल, आणि तिसऱ्या वर्षी दावणीला पाच शेळ्या. तिथून पुढे खुराक, लस, औषध वजा जाता वर्षाला तीस-पस्तीस हजार ही रास्त अपेक्षा आहे. दहा शेळ्यांतून लाखो रुपये मिळवून देणारे हिशेब फिरत असतात. त्यांत एकही करडू मेलेलं नसतं.

आता महिना जुळवू. आखाडात मटणाची मागणी चढते, श्रावणात पडते. बोकड आठ-नऊ महिन्यांचा, अठरा-वीस किलोचा होऊन जून-जुलैमध्ये विकायचा तर तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मला पाहिजे. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये लागली पाहिजे. नेमकी तेव्हाच रानात चारा नसतो आणि हाडं दिसणारी शेळी माजावर येत नाही. त्यासाठी मार्चअखेरपासून तीन आठवडे रोज पाव किलो मका किंवा हरभऱ्याचा भरडा हळूहळू वाढवत द्या. एवढ्या खर्चावर सगळं वेळापत्रक टिकतं. बकरी ईदसाठी वर्ष पूर्ण झालेला, दोन दाती बोकड लागतो आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून त्यासाठी एखादाच चांगला नर राखावा.

नुकसान बहुतेक पावसाळ्यातच होतं. पहिल्या पावसानंतरचं कोवळं गवत पोटभर खाल्लं की आंत्रविषार होतो, संध्याकाळी धडधाकट असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. मे महिन्यातच लस टोचा, पहिल्यांदा असेल तर दोन आठवड्यांनी दुसरा डोस, आणि पहिले काही दिवस चरायला सोडण्याआधी कोरडं भुसकट खाऊ घाला. पीपीआरची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. सप्टेंबरची करडं ओल्या जमिनीवर बसून न्यूमोनियानं जातात, म्हणून लाकडी फळ्यांचा हातभर उंच माचा करा. आणि बोकड विकताना नगावर देऊ नका, ताणकाटा घ्या. अंदाजात दोन किलो नेहमी व्यापाऱ्याच्या बाजूनं जातात.

इसार द्यावा का

वडिलांच्या म्हणण्याला आधार आहे. शेजारचा एकर पुन्हा विकायला निघत नाही. पण आकडे बघा. एकर १२ लाखांना असेल आणि मक्त्यानं दिला तर वर्षाला अठरा-वीस हजार येतील, म्हणजे दीड-पावणेदोन टक्के. स्वतः कसलात तर थोडं जास्त. किंमत वाढेल तो भाग वेगळा, पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि मुलाच्या फीसाठी दोन गुंठे विकता येत नाहीत. दोन लाख इसार देऊन उरलेले दहा लाख ठरल्या मुदतीत उभे राहिले नाहीत तर इसारही बुडतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी पीक जातं, गिऱ्हाईक नसल्यामुळे जमिनीचा भाव दबतो आणि गरज मात्र तुम्हाला त्याच वर्षी असते.

त्या एकरात पाणी असेल, किंवा तुमच्या रानाचा रस्ता त्यातून जात असेल, तर उत्तर बदलतं. तेव्हाही निम्म्याहून जास्त रक्कम हातात असावी आणि व्यवहारानंतर एका खराब वर्षाचा खर्च शिल्लक राहावा, एवढी अट मी घालीन.

शेताबाहेर कुठे

वरच्या ५२ हजारांतून दोन शेळ्या गेल्या की ३० हजार उरतात. ते आणि पुढच्या दोन-तीन वर्षांची शिल्लक आधी एकाच कामाला लावा: एक हंगाम पूर्ण बुडाला तर लागणारे दीड ते पावणेदोन लाख. ते राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टात मुदत ठेवीत. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था आणि मल्टिस्टेटच्या ठेवींना तो नाही. शिवाय तालुक्याच्या पतसंस्थेचे कर्जदार कोण, तर तुमच्यासारखेच शेतकरी आणि त्यांच्या जिवावर चालणारी दुकानं. पाऊस नाही झाला की तुमचं पीक आणि तिची वसुली एकाच वेळी जाते. म्हणून तिथले दोन-तीन टक्के जास्तीचं व्याज मी शेताबाहेरची गुंतवणूक मानतच नाही. ट्रॅक्टर आणि तालुक्याचा प्लॉट यांनाही हेच लागू.

याच टप्प्यात कमावत्या माणसाचे दोन विमे घेऊन ठेवा: जीवनज्योती ४३६ रुपये, सुरक्षा विमा २० रुपये, वर्षाला. दोन्ही बँक खात्यातून मेअखेर कापले जातात, तेव्हा खात्यात तेवढी रक्कम हवी, नाहीतर विमा गुपचूप बंद पडतो.

तो दीड-पावणेदोन लाखांचा साठा झाल्यावर लांबचे पैसे. दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी, नसेल तर पीपीएफ. सुकन्येत वर्षाला किमान २५० आणि पीपीएफमध्ये ५०० भरले तरी खातं चालू राहतं, त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी अडत नाही. त्यापलीकडचे, सात-आठ वर्षं हात लावायचा नाही असे पैसे, निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे वाटून ठेवणाऱ्या फंडात. इथे एक धोका नेहमी दिसतो. एजंट दरमहा एसआयपी लावून देतो, ऑगस्टमध्ये खातं रिकामं असतं, हप्ता परत जातो आणि बँक दंड कापते. तुमचं उत्पन्न हंगामी आहे, तर गुंतवणूकही हंगामीच ठेवा: सोयाबीन, तूर, हरभरा, प्रत्येक विक्रीनंतर एकदा, जमेल तेवढी. सोनं घ्यायचंच असेल तर दागिना नको, वळं किंवा नाणं घ्या, घडणावळ वाचते आणि अडचणीत तुकड्यानं गहाण ठेवता येतं.

शेवटी कराचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण शेळ्या, दूध आणि ठेवीचं व्याज हे शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही. तुमच्या आकड्यांवर आज कर बसणार नाही, तरी शेळ्यांच्या विक्रीची एक वेगळी वही घाला आणि शक्य तेवढे पैसे खात्यावर घ्या. दोन-तीन वर्षांनी पशुपालनासाठीचं किसान क्रेडिट कार्ड मागायला जाल, तेव्हा बँक अधिकारी पहिली तीच वही मागेल.